सोसायटीत रोज पाला जळतो, तेव्हा पत्रात काय लिहावं

नमस्कार श्रोतेहो.

माघ सरत आला की आपल्या मराठवाड्यात कडुनिंब पानं गाळायला लागतो. मागोमाग पिंपळ आणि देशी बदाम. सोसायटीच्या आवारात पहाटे झाडू फिरतो, कोपऱ्यात ढीग होतो आणि सात वाजायच्या आत त्याला काडी लागते. रोज. खिडकी उघडली की धूर आत, दोरीवरच्या कपड्यांना वास आणि घरात दम्याचं माणूस असेल तर विचारूच नका.

पाल्याचा धूर चुलीच्या धुरापेक्षा वाईट का, ते आधी सांगतो. चुलीत लाकूड वाळलेलं असतं, हवा खेळती असते, जाळ धडधडून होतो. पाल्याच्या ढिगाचं तसं नसतं. वरची पानं कोरडी, खालची दवानं ओलसर, मध्ये हवा नाही. त्यामुळे ढीग पेटत नाही, धुमसतो. धुमसणारा ढीग कार्बन मोनॉक्साइड आणि अतिशय बारीक कण सोडत राहतो, आणि हे कण नाकात अडकत नाहीत, थेट फुप्फुसात उतरतात. त्यात थंडीच्या दिवसांत पहाटे जमिनीलगतची हवा गार आणि जड असते, वर उबदार थर बसलेला असतो. धूर वर जायला वाटच मिळत नाही, तो पहिल्या-दुसऱ्या मजल्यावर पसरून राहतो. म्हणून लक्षात ठेवा, ढीग जळत नाही, धुमसतो. आणि पहाटेचा धूर वर जात नाही.

आता छत्रपती संभाजीनगरच्या एका सोसायटीची हकीकत सांगतो. ती मला फार आवडते, म्हणून सविस्तर सांगणार आहे.

तिथे दुसऱ्या मजल्यावर एक निवृत्त शिक्षिका राहतात. नाव नको, सगळे त्यांना काकूच म्हणतात. ढीग बरोबर त्यांच्या स्वयंपाकघराच्या खाली पेटायचा. त्यांनी सचिवांना पत्र दिलं. ‘धुराने आम्हा सर्वांना असह्य त्रास होत आहे, तरी हा प्रकार त्वरित बंद करावा.’ मजकूर एवढाच. सचिवांनी वाचलं, वॉचमनला हाक मारून ‘जरा लांब जाळत जा’ म्हणून सांगितलं आणि ढीग पार्किंगच्या पलीकडे सरकला. धूर तिथून दुसऱ्या विंगमध्ये.

दुसरं कुणी असतं तर व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर भांडलं असतं. माझं स्पष्ट मत आहे की सोसायटीचे प्रश्न ग्रुपवर मांडूच नयेत. तिथे दुपारपर्यंत दोन तट पडतात, संध्याकाळी वाढदिवसाच्या शुभेच्छा येतात आणि प्रश्न वर सरकून जातो. असो.

काकू पहाटे खाली उतरल्या आणि वॉचमनपाशी जाऊन उभ्या राहिल्या. ढीग पेट घेत नव्हता, म्हणून तो दुधाच्या रिकाम्या पिशव्या खाली सारत होता. कालच्या पिशव्या वितळून पेव्हर ब्लॉकला काळ्या चिकटल्या होत्या. काकूंनी विचारलं, “मामा, रोज का हो जाळता?” तो म्हणाला, “काकू, घंटागाडीवाला पाला घेईना. साहेब म्हणतेत सातच्या आत आवार साफ पायजे. मंग कुठं नेऊ मी हे?”

काकूंच्या पहिल्या पत्रात याचंच उत्तर नव्हतं. पाला कुठे न्यायचा?

त्यांनी दुसरं पत्र लिहिलं. विषय, ‘आवारात रोज सकाळी पालापाचोळा व कचरा जाळणे बंद करण्याबाबत.’ पहिल्या परिच्छेदात नेमकी जागा, नेमकी वेळ आणि त्या आठवड्यातल्या तारखा. दुसऱ्यात, ढिगात पाल्याबरोबर प्लॅस्टिकही जळतं आणि ते स्वतः पाहिलं आहे, एवढं. तिसऱ्यात मागणी: ‘विहिरीशेजारच्या कोपऱ्यात जाळीचा एक पिंजरा करण्यास परवानगी द्यावी. झाडलेला पाला उद्यापासून त्यात टाकावा. वॉचमनला तशी लेखी सूचना द्यावी. जाळीचा खर्च सोसायटीच्या देखभाल निधीतून करावा.’ वॉचमनबद्दल तक्रारीचा एक शब्द नाही. पत्राच्या दोन प्रती काढल्या, एक दिली, दुसरीवर तारखेसह पोच घेतली.

ते पत्र समितीच्या बैठकीत वाचलं गेलं. एका सभासदाने विचारलं, “वास आला तर?” काकू म्हणाल्या, “वास आला तर मी स्वतः जाळी उचलून नेते.” मंजुरी मिळाली.

श्रोतेहो, म्हणून पुन्हा सांगतो: जागा, वेळ, तारखा, आणि पाला उद्या सकाळी कुठे जाणार. या शेवटच्या गोष्टीशिवाय पत्र देऊ नका.

आता पिंजरा. साडेबारा-तेरा फूट कोंबडीजाळी घ्या, उंची तीन-चार फूट. गोल करून टोकं तारेनं बांधली की चार फूट व्यासाचा पिंजरा होतो. तो मातीवर ठेवा, फरशीवर नको. पण आता सोसायट्यांमध्ये माती शिल्लक आहे कुठे? कंपाऊंडपासून कंपाऊंडपर्यंत पेव्हर ब्लॉक, झाडाच्या बुंध्याला वीतभर आळं नाही, आणि मग पाण्यासाठी टँकर. मला हे अजिबात पटत नाही. झाडाभोवती निदान तीन फूट माती मोकळी ठेवा आणि तिच्यावर याच पाल्याचं आच्छादन घाला, बुंध्याला न चिकटवता. उन्हाळ्यात ओल टिकते, पाणी कमी लागतं.

पिंजऱ्यात फूटभर पाला टाकून तुडवायचा, वर शेणकाला शिंपडायचा, पुन्हा पाला. शेण नसेल तर स्वयंपाकघरातला ओला कचरा मध्ये घाला. नुसता पाला लवकर कुजत नाही, कारण त्यात नत्र कमी असतं आणि ते शेणातून किंवा ओल्या कचऱ्यातून मिळतं. ओल कशी ओळखायची? मूठभर पाला घट्ट दाबा. हात ओलसर व्हावा, पाणी ठिबकू नये. मुंग्या झाल्या तर ढीग कोरडा पडला आहे, भाज्या धुतलेलं पाणी घाला. वास आला तर ओल जास्त झाली, कोरडा पाला मिसळून ढीग खालीवर करा. आपल्या उन्हात वरचा थर लगेच सुकतो, म्हणून ओलं गोणपाट टाकून ठेवा. तीन-चार महिन्यांत खत होतं. नारळाच्या झावळ्या मात्र यात टाकू नका, त्या कुजायला फार वेळ घेतात.

कायद्याचं थोडक्यात. घनकचरा व्यवस्थापनाच्या 2016 च्या नियमांत बागेचा पालापाचोळा आपल्या आवारात वेगळा साठवायला सांगितलं होतं. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये राष्ट्रीय हरित लवादाने उघड्यावर कचरा जाळण्यावर देशभर बंदी घातली आणि साध्या जाळण्याला 5,000, मोठ्या प्रमाणावरच्या जाळण्याला 25,000 रुपये भरपाई ठरवली. पत्रात याचा उल्लेख एका वाक्यात करा, शेवटी करा. सुरुवातीलाच दंडाची भाषा आली की समिती पत्राचा मजकूर सोडून तुमच्याशी भांडत बसते.

पोच मिळूनही समिती हलली नाही, तर त्याच पत्राची प्रत जोडून महापालिकेच्या किंवा नगरपालिकेच्या स्वच्छता निरीक्षकाकडे अर्ज द्या, सोबत तारीख दिसेल असा फोटो लावा. अर्जात सोसायटीचं नाव लिहा, वॉचमनचं लिहू नका. पाला कुठे न्यायचा हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं, ते ठरवणं समितीचं काम आहे.

नमस्कार.