पुढचा व्हिडिओ कोण ठरवतो?

श्रोतेहो, नमस्कार.

विदर्भाच्या कपाशीच्या पट्ट्यात शेतीचे व्हिडिओ काढून यूट्यूबवर टाकणारे तरुण आता गावोगाव दिसतात. मोबाइल धुऱ्यावरच्या काठीला बांधायचा, पऱ्हाटीत उभे राहून बोलायचे आणि संध्याकाळी रेंज मिळेल तिथून व्हिडिओ चढवायचा, असा त्यांचा शिरस्ता. त्यांची एक तक्रार मी वारंवार ऐकतो. "भाऊ, सगळे व्हिडिओ एका प्लेलिस्टमध्ये टाकले, तरी माणूस एकच पाहतो अन् त्याच्या पुढं दुसऱ्याच चॅनेलचा व्हिडिओ लागतो. मग प्लेलिस्ट कशाला केली?" आजचे भाषण या एका प्रश्नापुरतेच आहे.

व्हिडिओ संपल्यावर पुढे काय लागावे, हे यूट्यूबवर दोन वेगळ्या रीतींनी ठरते. पहिल्या रीतीत प्रेक्षक प्लेलिस्टच्या आत असतो, आणि मग पुढचा व्हिडिओ म्हणजे त्या यादीतला पुढचा क्रमांक. तिथे शिफारशीचा प्रश्नच येत नाही. दुसऱ्या रीतीत प्रेक्षक शोधून, होम पानावरून किंवा कोणी पाठवलेल्या साध्या लिंकवरून त्या व्हिडिओवर आलेला असतो, आणि तेव्हा पुढचा व्हिडिओ यूट्यूबची शिफारस यंत्रणा निवडते. व्हिडिओ तोच, चॅनेल तेच, पण प्रेक्षक कोणत्या दाराने आत आला यावर पुढचे सारे अवलंबून असते.

हे दार ओळखण्याची खूण लिंकमध्येच असते. प्लेलिस्टमधून उघडलेल्या व्हिडिओच्या पत्त्यात `list=` अशी इंग्रजी अक्षरे आणि त्यापुढे बहुधा `PL` ने सुरू होणारा यादीचा क्रमांक असतो. व्हिडिओच्या साध्या पत्त्यात तो भाग नसतो. गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरणारी लिंक बहुतेक वेळा दुसऱ्या प्रकारची असते, कारण पाठवणाऱ्याने तो व्हिडिओ शोधून उघडलेला असतो आणि तिथूनच शेअर केलेला असतो. म्हणजे चॅनेलवाल्याने कितीही निगुतीने यादी लावली, तरी ग्रुपमधून आलेल्या प्रेक्षकाला ती यादी लागूच होत नाही. तेव्हा लिंक पाठवण्यापूर्वी तिच्यात `list=` आहे की नाही, एवढे डोळ्यांखालून घालावे. माझ्या मते प्लेलिस्टच्या बाबतीत यापेक्षा स्वस्त आणि यापेक्षा जास्त दुर्लक्षिलेला उपाय दुसरा नाही.

आता सेशनकडे वळू. प्रेक्षकाने यूट्यूब उघडल्यापासून ते बंद करेपर्यंत जे काही सलग पाहिले, त्या सगळ्याचा वेळ म्हणजे सेशनचा वेळ. त्यात आपलाही व्हिडिओ येतो आणि आपल्यानंतर पाहिलेला दुसऱ्याचाही. यूट्यूबने 2012 साली आपल्या शिफारशींचा भर क्लिकच्या संख्येवरून पाहण्याच्या वेळेकडे वळवला. पुढे 2016 साली तिथल्या अभियंत्यांनी शिफारस यंत्रणेवर एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. यंत्रणा आधी असंख्य व्हिडिओंमधून काही शेकडो उमेदवार निवडते आणि मग प्रत्येक उमेदवार किती वेळ पाहिला जाईल याचा अंदाज बांधून त्यांची क्रमवारी लावते, असे त्यात सांगितले आहे. आपल्या विषयाला लागू पडणारे त्यातले निरीक्षण मात्र निराळे आहे. मालिकांचे भाग लोक साधारणपणे क्रमाने पाहतात. पहिल्यानंतर दुसरा पाहणारे पुष्कळ असतात, पण दुसऱ्यानंतर पहिल्याकडे वळणारे थोडे. ही दिशा ध्यानात घेऊन, प्रेक्षकाने एरवी काय काय पाहिले यापेक्षा तो यानंतर लगेच काय पाहील, याचा अंदाज बांधायला यंत्रणेला शिकवले, तेव्हा निकाल पुष्कळ सुधारले, असे ते लिहितात.

यातून प्लेलिस्टचा खरा उपयोग उलगडतो. यादीतून आलेल्यांना पुढचा भाग दाखवणे हे तिचे थेट काम. पण त्या लोकांनी पहिल्या भागानंतर दुसरा भाग खरोखर पाहिला, तर त्यांच्या पाहण्यातून एक माग तयार होतो, आणि पुढे साध्या दाराने आलेल्या प्रेक्षकालाही तोच दुसरा भाग सुचवला जाण्याची शक्यता वाढते. उलट यादी लावली आणि लोकांनी दुसरा भाग सुरू होताच सोडून दिला, तर मागही तसाच पडतो.

एक उदाहरण घेऊ. समजा, केळापूर तालुक्यातल्या एका चॅनेलने "कपाशी: पेरणी ते वेचणी" अशी एकच लांब यादी केली आहे आणि क्रम ठेवला आहे नवा व्हिडिओ आधी, जुना नंतर. ऑगस्टअखेर एखाद्या शेतकऱ्याच्या वावरात पाकळ्या मिटून गुलाबाच्या कळीसारखी झालेली फुले, म्हणजे डोमकळ्या, दिसू लागतात. तो गुलाबी बोंडअळीचा व्हिडिओ उघडतो, तोही यादीतूनच. पण तो संपल्यावर पुढे लागतो आधीच्या महिन्यातला व्हिडिओ, डवरणीचा. त्यापुढे खताचा, त्यापुढे बीजप्रक्रियेचा. ज्याच्या पिकात अळी शिरली आहे त्याला या घडीला बीजप्रक्रिया ऐकण्यात काय रस असणार?

म्हणून यादी हंगामाच्या क्रमाने लावण्यापेक्षा अडचणीच्या क्रमाने लावावी. डोमकळी ओळखल्यावर शेतकऱ्याच्या मनात पहिला प्रश्न येतो तो आता फवारणी करायची का, हा. त्याचे उत्तर कामगंध सापळ्यात आहे. एका सापळ्यात सलग तीन रात्री दर रात्री आठ किंवा अधिक पतंग सापडले, तर नियंत्रणाचे उपाय हाती घ्यावेत, अशी शिफारस आहे. तेव्हा दुसरा व्हिडिओ सापळ्याचा हवा: तो कुठे लावायचा, पिकाच्या उंचीच्या किती वर, ल्यूर केव्हा बदलायचे. तिसरा निंबोळी अर्काचा, चौथा फवारणीचा आणि ती करताना घ्यायच्या संरक्षणाचा, आणि पाचवा फरदड न घेण्याचा, कारण पुढच्या हंगामापर्यंत अळीला आसरा तिथेच मिळतो. या पाचांत प्रत्येक व्हिडिओ जिथे संपतो तिथे पुढच्याचा प्रश्न उभा राहतो. लांब यादीही राहू द्यावी, कारण साध्या प्लेलिस्टमध्ये एकच व्हिडिओ कितीही याद्यांत घालता येतो.

फरक कितीसा पडेल, याचा हिशेब निव्वळ गृहीत आकडे धरून मांडतो. बोंडअळीच्या व्हिडिओवर यादीतून शंभर जण आले आणि प्रत्येकाने सरासरी चार मिनिटे पाहिले. झाली चारशे मिनिटे. जुन्या यादीत त्यांतले पंधरा जण डवरणीच्या व्हिडिओपर्यंत टिकले आणि मिनिटभरात निघून गेले; एकूण चारशे पंधरा. नव्या यादीत चाळीस जण सापळ्याचा व्हिडिओ चार मिनिटे पाहतात, म्हणजे एकशे साठ, आणि त्यांतले वीस जण निंबोळी अर्काचाही चार मिनिटे पाहतात, म्हणजे ऐंशी. एकूण सहाशे चाळीस मिनिटे, माणशी साधारण साडेसहा. पहिला व्हिडिओ एका सेकंदानेही सुधारलेला नाही. सारी वाढ पुढच्या दोन उड्यांतून आलेली आहे. जुन्या यादीतून गळालेल्या पंच्याऐंशी जणांनी मोबाइल खिशात ठेवला असेल असेही नाही. त्यांचे सेशन दुसऱ्याच्या व्हिडिओवर चालू राहिले असेल.

यूट्यूबने याकरिता एक खास सोयही ठेवली आहे. प्लेलिस्टच्या सेटिंगमध्ये ती यादी ऑफिशियल सिरीज म्हणून ठरवता येते. हे व्हिडिओ एकत्र पाहण्यासाठी आहेत असे आपण त्यातून यूट्यूबला सांगतो, आणि त्यामुळे सिरीजमधला एक व्हिडिओ चालू असताना दुसरा शिफारशीत येऊ शकतो, म्हणजे साध्या दाराने आलेल्यासाठीही. मात्र त्यात स्वतःच्याच चॅनेलचे व्हिडिओ चालतात, आणि एक व्हिडिओ एकाच सिरीजमध्ये बसतो. म्हणून सिरीजचा शिक्का हंगामाच्या लांब यादीवर न मारता बोंडअळीच्या पाच भागांवर मारावा, असे मी सुचवीन. अर्थात ही सूचना आहे, हुकूम नव्हे. प्रेक्षकाच्या आवडीनुसार यंत्रणा दुसरेच काही दाखवू शकते. एंड स्क्रीन, म्हणजे व्हिडिओच्या शेवटच्या पाच ते वीस सेकंदांतली चौकट, याला चांगली जोड देते. तिथे "प्रेक्षकाला योग्य असेल तो" हा पर्याय न निवडता नेमका पुढचा भाग निवडावा आणि त्या वेळी तोंडानेही तसे सांगावे.

एवढे करूनही साखळी तुटते, आणि ती बहुधा दुसऱ्या व्हिडिओच्या सुरुवातीलाच तुटते. आपल्याकडे प्रत्येक व्हिडिओ "नमस्कार शेतकरी बंधूंनो" पासून सुरू होतो, मग चॅनेलचे नाव, मग सबस्क्राइबची विनंती, मग हवामानाचे चार शब्द. पहिल्या भागात हे खपते. पण अर्ध्या मिनिटापूर्वी निरोप घेतलेला माणूस पुन्हा तोच नमस्कार करू लागला, की प्रेक्षक अंगठा चालवतो. यूट्यूब स्टुडिओत प्रत्येक व्हिडिओचा प्रेक्षक टिकण्याचा आलेख असतो, आणि तिसाव्या सेकंदाला किती टक्के उरले हेही तिथे दिसते. दुसऱ्या आणि तिसऱ्या भागाचा हा आकडा पहिल्यापेक्षा बराच खाली असेल, तर आधी सुरुवात कापावी. तो ठीक असेल आणि तरी पुढे कोणी जात नसेल, तर दोष क्रमात शोधावा.

प्रेक्षक कुठून आले हेही स्टुडिओत पाहता येते. ट्रॅफिकच्या स्रोतांमध्ये प्लेलिस्ट, सुचवलेले व्हिडिओ, यूट्यूब शोध आणि एंड स्क्रीन अशा वेगळ्या नोंदी असतात. यांतल्या प्लेलिस्टच्या नोंदीत दुसऱ्या कोणी आपला व्हिडिओ स्वतःच्या यादीत घातला असेल, तर तेही धरलेले असते, आणि तिथे पुढचा क्रमांक त्याच्या यादीचा असतो. सुचवलेल्या व्हिडिओंची नोंद उघडली, की कोणत्या व्हिडिओच्या शेजारून लोक आले त्याची यादी दिसते. बोंडअळीच्या सापळ्याच्या भागाला डोमकळीच्या भागाशेजारून प्रेक्षक येऊ लागले, म्हणजे माग तयार होत आहे असे समजावे. प्रेक्षकाच्या संपूर्ण सेशनचा आकडा मात्र चॅनेलवाल्याला तिथे मिळत नाही. तो अशा खुणांवरूनच ताडावा लागतो.

एक मर्यादा आपल्या भागाला विशेष लागू आहे. मोबाइल डेटावर पाहणाऱ्याने तीस मिनिटे स्क्रीनला हात लावला नाही, तर ऑटोप्ले आपोआप थांबतो. वाय-फायवर ही सवलत चार तासांची असते. शिवाय दिवसाचा डेटा ठरलेला, आणि वावरातली रेंज येते-जाते. त्यामुळे पाच भाग मिळून पाऊण तासाची यादी करण्यापेक्षा ती पंचवीस मिनिटांच्या आत बसवणे आपल्या प्रेक्षकाला सोयीचे पडेल, आणि ज्या भागावाचून अडते तो सापळ्याचा भाग दुसऱ्या क्रमांकावरून खाली ढकलू नये.