ऑक्टोबर छाटणीचे पैसे कुठे ठेवायचे?

नमस्कार श्रोतेहो. निफाड-दिंडोरीकडच्या बागायतदाराच्या हातात द्राक्षाचे पैसे येतात साधारण मार्च-एप्रिलमध्ये, आणि खर्च उभा राहतो ऑक्टोबर छाटणीला. मधल्या सहा महिन्यांसाठी हे पैसे कुठे ठेवायचे, एवढ्यापुरतंच आज बोलू.

केंद्र सरकार ९१, १८२ आणि ३६४ दिवसांसाठी उसनं घेतं, त्याला ट्रेझरी बिल म्हणतात. २०२१ पासून रिझर्व्ह बँकेच्या ‘रिटेल डायरेक्ट’ संकेतस्थळावर तुम्ही-आम्हीही ती थेट घेऊ शकतो, अगदी दहा हजारांपासून. पॅन, आधार आणि बँक खातं जोडलं की खातं फुकट उघडतं. लिलाव बहुधा बुधवारी असतो. भाव आपण सांगायचा नाही, फक्त रक्कम सांगायची. मोठ्या बँकांच्या बोलीतून जो सरासरी भाव निघेल तो आपल्याला लागतो. पैसे आधी भरावे लागतात, जास्तीचे परत येतात.

समजा, एप्रिलच्या सुरुवातीला तुम्ही दोन लाखांची १८२ दिवसांची बिलं मागितली आणि शंभरामागे भाव निघाला ९७ रुपये २० पैसे. म्हणजे भरले १,९४,४०० रुपये. ऑक्टोबरच्या सुरुवातीला खात्यात पूर्ण दोन लाख जमा. वरचे ५,६०० हाच तुमचा फायदा, वर्षाच्या हिशेबात पावणेसहा टक्क्यांच्या आसपास. टीडीएस कापत नाहीत. मात्र शेतीचं उत्पन्न करमुक्त असलं तरी हे ५,६०० शेतीचे नाहीत, ते विवरणपत्रात दाखवायचे.

गडबड होते ती जास्त व्याज पाहून सरकारचेच दहा वर्षांचे रोखे घेतले की. बाजारातले व्याजदर एक टक्क्याने चढले तर अशा रोख्याचा भाव सहा-सात टक्क्यांनी उतरतो. ऑक्टोबरमध्ये विकायला गेलात तर दोन लाखांत बारा-चौदा हजारांचा खड्डा, आणि सहा महिन्यांच्या व्याजाने तो जेमतेम अर्धा भरतो.

पण तोच रोखा मुदतीपर्यंत सांभाळला, तर दर्शनी किंमत पूर्ण मिळते आणि दर सहा महिन्यांचं व्याजही चुकत नाही. सरकारी रोख्यांत पैसे लावणाऱ्या म्युच्युअल फंडात, म्हणजे गिल्ट फंडात, ही सोय नाही. फंड जुने रोखे विकून नवे घेत राहतो, त्याला स्वतःची मुदत नसते. तुम्ही पैसे काढाल त्या दिवशीची एनएव्ही, म्हणजे फंडाच्या एका युनिटची किंमत, हाच तुमचा भाव, शिवाय फंडाचा खर्च रोज वळता होतो.

मग फंड वाईट का? तसं नाही. छाटणीची तारीख ठरलेली असते, दवाखान्याची नसते. अगदी थोड्या मुदतीच्या रोख्यांत पैसे ठेवणारा तो लिक्विड फंड, त्यातले पैसे एक-दोन दिवसांत हातात येतात. बिल मध्येच विकायचं म्हटलं, तर दहा-वीस हजारांच्या तुकड्याला गिऱ्हाईक मिळेलच असं नाही, मिळालं तरी भाव पाडून मागतं. म्हणून माझं मत असं, की ज्या खर्चाची तारीख माहीत आहे तेवढ्याचीच बिलं घ्या आणि अडीअडचणीची रक्कम लिक्विड फंडात नाहीतर बचत खात्यात राहू द्या.