मुळा, बिस्किटं आणि न सुटणारी कोडी

श्रोतेहो, नमस्कार. मानसशास्त्राच्या वर्गात कुणी प्रयोग सादर केला की शेवटी मागच्या बाकावरून एक आवाज हमखास येतो: "पण हे सगळे विद्यार्थीच होते ना?" सादर करणारा मान डोलावतो, ही मर्यादा मान्य आहे म्हणतो आणि विषय तिथेच मिटतो. प्रश्न बरोबर आहे, पण अर्धाच विचारलेला आहे. उरलेला अर्धा कसा विचारायचा, ते एका गाजलेल्या प्रयोगावरून पाहू.

१९९८ साली अमेरिकेत रॉय बाउमाइस्टर आणि सहकाऱ्यांनी मानसशास्त्र शिकणारे ६७ विद्यार्थी घेतले. मोबदला म्हणून त्यांना अभ्यासक्रमाचे क्रेडिट मिळणार होते. एक जेवण चुकवून या, असं त्यांना सांगितलं होतं. खोलीत ताज्या चॉकलेट बिस्किटांचा वास दरवळत होता. चवीचा अभ्यास आहे असं सांगून काहींना फक्त बिस्किटं खायला दिली, तर काहींना ती समोर ठेवून फक्त मुळे. तिसऱ्या गटाला खाण्याचा भागच नव्हता. मग सगळ्यांना रेषांची कोडी दिली, मुळात न सुटणारी. मुळे खाल्लेल्यांनी सरासरी ८ मिनिटांच्या आसपास नाद सोडला, बिस्किटवाले जवळजवळ १९ मिनिटं झुंजले, तिसरा गट २१ मिनिटं. निष्कर्ष असा निघाला की मोह आवरताना मनाची ताकद खर्ची पडते आणि पुढच्या कामाला ती कमी पडते.

इथे पहिला प्रश्न माणसांच्या संख्येचा. ६७ जण तीन गटांत, म्हणजे गटागणिक वीस-बावीस. इतक्या लहान गटांत फरक खूप मोठा दिसला तरच तो आकडेशास्त्राच्या चाळणीतून पार होतो. म्हणून अशा अभ्यासांतून छापून येणारे फरक बहुधा फुगलेले असतात. खरा परिणाम छापलेल्याच्या निम्मा असेल, तर तो तितक्याच खात्रीने पकडायला साधारण चौपट माणसं लागतात. तेव्हा कुणी "आम्ही हाच प्रयोग पुन्हा केला, पण तेवढ्याच संख्येवर" म्हणालं, तर तिथेच थांबवून विचारावं: परिणाम लहान असता, तर तो तुम्हाला दिसला तरी असता का?

२०१६ मध्ये २३ प्रयोगशाळांनी मिळून दोन हजारांहून अधिक लोकांवर ही कल्पना तपासली. परिणाम जवळजवळ शून्य. पण तिथे ना मुळे होते ना बिस्किटं. पडद्यावरच्या शब्दांतलं एक अक्षर ठरावीक नियमाने टिपायचं, असं काम होतं. या कामाने मन थकतच नाही, असा आक्षेप मूळ मताच्या पाठीराख्यांनी घेतला. २०२१ मध्ये ३६ प्रयोगशाळांनी वेगळ्या पद्धती वापरून पुन्हा पाहिलं, तेव्हाही परिणाम अगदीच किरकोळ निघाला. मला वाटतं, "पुनरावृत्ती झाली का?" एवढं विचारून भागत नाही. नेमकं काय पुन्हा केलं, कृती की कल्पना, आणि निकाल उलटा आला असता तर तो तुम्ही मान्य केला असता का, हे विचारायला हवं.

आता नैतिकतेकडे. संमतीपत्रावर सही होती का, हा प्रश्न फारच सोपा. क्रेडिट हवं असेल आणि प्रयोगात बसायचं नसेल, तर तेवढ्याच कष्टाचा दुसरा पर्याय होता का? मध्येच उठून गेलं तर क्रेडिट जाणार होतं का? विद्यार्थ्यांना खोटं कारण सांगितलं होतं, तर खरं कधी सांगितलं? कोडी सुटणारीच नव्हती हे कळलं नाही, तर एखादा "आपल्याला डोकंच नाही" असं समजून घरी जाईल. आणि खरं कळल्यावर "माझी माहिती वापरू नका" म्हणायची मुभा होती का? यातच एक व्यावहारिक पेचही आहे: पहिल्या दिवशी आलेल्यांनी वसतिगृहात कोड्यांचं गुपित फोडलं, तर नंतर आलेल्यांचे आकडे कशाचे?

आणि आता तो मागच्या बाकावरचा प्रश्न. विद्यार्थी होते म्हणून गटांमधली तुलना बिघडत नाही. चिठ्ठ्या टाकून गट पाडले असतील तर ती शाबूत राहते. बिघडतो तो "माणूस असा असतो" हा दावा. म्हणून विचारावं: विद्यार्थ्यांमधली कोणती गोष्ट हा निकाल बदलेल, आणि कुठल्या दिशेने? हा प्रश्न पोकळ नाही. कृष्णा सवानी आणि वेरोनिका जॉब यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत भारतीय सहभागींची कामगिरी मनाला ताण देणाऱ्या कामानंतर उलट सुधारलेली दिसली. मनावर ताबा ठेवल्याने बळ वाढतं, ही इथली धारणा त्यामागे असावी, असं त्यांचं म्हणणं. तेव्हा सादर करणाऱ्याला शेवटच्या स्लाइडवरचं वाक्य पुन्हा वाचायला लावा, पण "माणूस" या शब्दाच्या जागी "जेवण चुकवून, क्रेडिटसाठी आलेले मानसशास्त्राचे विद्यार्थी" असं घालून. ते वाक्य तो तितक्याच ठामपणे वाचतो का, ते ऐका. नमस्कार.