पहिल्या दिवसाचा सोबती

[कारखान्याचं प्रवेशद्वार. पहिली पाळी सुरू व्हायला अर्धा तास आहे.]

नवा कामगार फाटकापाशी थांबलाय. हातात नवं ओळखपत्र, काखेत नव्या बुटांचा खोका. त्याला न्यायला जो आलाय तो साहेब नाही, सुपरवायझरही नाही. शेजारच्या लेथवर, म्हणजे धातू कातायच्या मशीनवर, रोज उभा राहणारा माणूस आहे. आजच्या दिवसापुरता तो याचा सोबती.

"या. मी तुमच्या बाजूच्याच मशीनवर असतो. आज माझ्याबरोबरच राहायचं. काहीही विचारा, तेच दहादा विचारलं तरी चालेल."

स्वागत एवढंच. नियम, वेळा, दरवाजे, नावं यातलं काही तो इथे उभ्या उभ्या सांगत नाही. जी गोष्ट जिथे लागेल, तिथे पोचल्यावरच सांगायची अशी त्याची रीत. फाटकावर ऐकलेलं बरंचसं मशीनच्या शॉपमध्ये पोचेपर्यंत विसरलेलं असतं, हे त्यानं अनेक नव्या लोकांच्या बाबतीत पाहिलंय.

[कपडे बदलायची खोली. लॉकरच्या रांगा.]

लॉकर दोन कप्प्यांचा आहे. एका बाजूला घरचे कपडे, दुसऱ्या बाजूला कामाचे. वरवर ही टापटीप वाटते. पण कामाच्या कपड्यांना मशीन थंड ठेवणारं कूलंट लागतं, धातूची बारीक धूळ बसते. दोन्ही कपडे एकत्र ठेवले की ती धूळ घरच्या शर्टावर जाते आणि शर्टाबरोबर घरी. शिशासारख्या विषारी धातूचं काम चालतं तिथे तर अशी घरी गेलेली धूळ लहान मुलांच्या पोटात जाऊ शकते. म्हणून मधली पत्र्याची भिंत.

"किल्ली खिशात सुटी नको, इथे आत अडकवायची. हरवली तर आधी सुपरवायझरला सांगा, कुलूप तोडायला जाऊ नका. आणि ती अंगठी?"

नव्या माणसाच्या बोटात अंगठी आहे. तो म्हणतो, घट्ट आहे, निघून पडायची नाही. सोबती मान हलवतो. अंगठी निघून पडेल ही भीती नाहीच; ती निघत नाही, हीच भीती आहे. फिरत्या भागात अडकली तर ती बोट सोडत नाही, बोटाची कातडी सोलून काढते. साबणपाणी लावून अंगठी निघते, लॉकरमध्ये जाते. "उद्यापासून घरीच ठेवून या." निघालीच नसती, तर मशीनला हात लावण्याआधी सुपरवायझरकडे जावं लागलं असतं.

घड्याळ, गळ्यातली साखळी आणि मोबाइलही आत. डबा मात्र लॉकरमध्ये नाही, त्याची फळी कॅन्टीनमध्ये आहे. तेलकट चिंध्याही इथे कोंबायच्या नाहीत. जवसाच्या तेलासारखी वाळणारी तेलं हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग पावताना तापतात. चिंध्यांच्या गोळ्यात ती उष्णता अडकून राहते आणि काडी न लावताही आग लागू शकते. त्यांच्यासाठी झाकणाचा पत्र्याचा डबा शॉपमध्ये ठेवलेला असतो.

[शॉप. मशीनचा आवाज. भिंतीवरच्या घड्याळात नऊ पंचावन्न.]

आता चहाची सुट्टी. नवा माणूस पहिल्या दिवशी जिथे अडखळतो ती जागा बहुधा हीच.

इथे सुट्टी दहा मिनिटांची. भोंगा ते भोंगा. म्हणजे दुसरा भोंगा होतो तेव्हा मशीनपाशी असायचं, त्या वेळी चहाच्या टेबलावरून उठून चालणार नाही. सोबती चालता चालता हिशेब मांडतो. बेसिनपर्यंत एक मिनिट, हात धुवायला एक, चहाच्या खिडकीपर्यंत एक, रांगेत दोन. पाच गेली. परतायला दोन. चहा प्यायला उरली तीन.

म्हणून भोंग्याच्या आधीचे क्षणही मोलाचे. या लेथवर एक जॉब, म्हणजे कातायचा एक तुकडा, सहा मिनिटांचा आहे. नऊ सत्तावन्नला एक जॉब उतरला. पुढचा चढवायचा का? चढवला तर तो दहा वाजून तीन मिनिटांनी संपणार, तोवर मशीन एकटं चालत राहणार. या शॉपमध्ये ते चालत नाही. सोबती जॉब चढवत नाही. कातलेल्या धातूच्या चिप्स ब्रशनं झाडतो, माप घेऊन कागदावर लिहितो. तीन मिनिटं वाया गेली नाहीत आणि भोंगा झाला तेव्हा जॉब फिरवणारा स्पिंडल थांबलेला होता. कन्व्हेयरच्या लाइनवर प्रश्न वेगळा असतो. तिथे सगळे एकदम थांबतात, आणि एक जण उशिरा आला तर अख्खी लाइन त्याची वाट बघत उभी.

नवा कामगार एअर गन उचलतो आणि अंगावरची धूळ उडवायला बघतो. सोबती त्याचा हात धरतो. ही सवय जुन्यांनाही असते, म्हणून ती बघून बघून पसरते. दाबाखालची हवा कण डोळ्यात मारते, जखमेतून कातडीखाली शिरू शकते. कपडे ब्रशनं झाडायचे आणि हात साबणानं धुवायचे. थिनरनं नाही, त्यानं हात लवकर स्वच्छ दिसतात पण कातडीतलं तेल जातं, ती कोरडी पडून फुटायला लागते.

मग एक गोष्ट तो आवाज जरा उतरवून सांगतो. माझ्या मते सगळ्या दिवसात याहून कामाचं दुसरं काही त्यानं सांगितलं नाही.

"लघवीला जायला चहाच्या भोंग्याची वाट बघायची नाही. त्या दहा मिनिटांत ते आणि चहा दोन्ही धड होत नाही. हात वर करा, सुपरवायझर रिलीव्हर पाठवतो. तो मशीनवर उभा राहिला की जा. मशीन तसंच सोडून मात्र जायचं नाही."

नवा माणूस हे स्वतःहून विचारत नाही. लाजतो, पाणी कमी पितो, आणि उकाड्याच्या शॉपमध्ये दुपारपर्यंत त्याचं डोकं धरतं.

चहाचा कप खिडकीपाशीच रिकामा करायचा, मशीनवर आणायचा नाही. सांडला तर पॅनेलमध्ये जाईल, हे कारण सगळे सांगतात. पण कूलंटचे हात कपाला आणि कप तोंडाला, हे कारणही तितकंच खरं.

[कॅन्टीन. जेवणाची दुसरी बॅच.]

कॅन्टीनबद्दल फार सांगण्यासारखं नाही. कार्ड लावायचं, आपल्याच बॅचला यायचं. दुसऱ्याच्या बॅचमध्ये घुसलं की तिथल्या शेवटच्या माणसाला ताटासाठी थांबावं लागतं. एखादा पदार्थ सोसत नसेल किंवा औषधामुळे वेळेवर खावं लागत असेल, तर आजच सांगून ठेवायचं.

कुठे बसायचं हे मात्र कुठे लिहिलेलं नाही. टेबलं मोकळी दिसतात, पण प्रत्येकाची जागा वर्षानुवर्षं ठरलेली. सोबती नव्या माणसाला आपल्या टेबलावर नेतो, चौघांची ओळख करून देतो आणि दुसऱ्याच कशाबद्दल तरी बोलायला लागतो. प्रश्नांची सरबत्ती नको म्हणून.

[दुपार. चहाची दुसरी सुट्टी.]

या वेळी सोबती मागे आणि नवा माणूस पुढे. तो आधी हात धुवायला वळतो, रांगेत उभा राहतो आणि कप परत ठेवून भोंग्याआधी मशीनपाशी येतो. दोघांच्या मध्ये पलीकडच्या मशीनवरचा एक जण येऊन थांबलाय. सोबतीनंच त्याला बोलावलं होतं.

"उद्या माझी सुट्टी आहे. फाटकावर हे येतील. लॉकर तुम्हाला माहीत आहे, बाकी यांना विचारा."