आधी कॅमेऱ्याची पाठ बघा

नमस्कार श्रोतेहो. दिवाळीची आवराआवर सुरू झाली की रविवार कारंजापासून सिडकोपर्यंत घराघरांतल्या माळ्यांवरून जुने कॅमेरे खाली येतात आणि त्यांचे फोटो नातेवाइकांच्या व्हॉट्सअॅपवर फिरू लागतात. "हा कुठला कॅमेरा? विकला तर काय येईल?" फोटो बहुतेक वेळा एकच असतो, समोरून काढलेला. त्यावरून फसगत होते.

समोरच्या फोटोत एकच गोष्ट बघा, लेन्स निघते का. लेन्सच्या मुळाशी बॉडीवर दाबायचं बटण आणि लाल किंवा पांढरा ठिपका दिसला, तर ती बदलता येते. तसं काही नसेल, तर तो बहुधा कॉम्पॅक्टच्या कुळातला. मोठ्या झूमचे, डीएसएलआरसारखे म्हणजे आत आरसा असलेल्या डिजिटल कॅमेऱ्यांसारखे दिसणारे काही कॅमेरेही याच कुळातले.

वरच्या उंचवट्यावर मात्र विसंबू नका. डीएसएलआरमध्ये त्याच्या आत प्रिझम किंवा आरसे असतात, पण पुष्कळ मिररलेस, म्हणजे बिनआरशाच्या कॅमेऱ्यांनाही तसाच उंचवटा असतो. तिथे इलेक्ट्रॉनिक व्ह्यूफाइंडर, म्हणजे डोळा लावून बघायचा छोटा पडदा बसवलेला असतो. त्यापेक्षा लेन्स काढून आतला फोटो पाठवायला सांगा. आत तिरका आरसा दिसला तर एसएलआर, मग तो फिल्मचा असो की डिजिटल. आरसा नाही आणि चकाकणारा सेन्सर अगदी तोंडाशी दिसला तर मिररलेस. निकॉनच्या जुन्या एफ माउंटपासून, म्हणजे लेन्स बसते त्या कडीपासून, फिल्म किंवा सेन्सर ४६.५ मिलिमीटर आत असतो, कारण मध्ये आरशाला जागा लागते. मिररलेसच्या झेड माउंटला हेच अंतर १६ मिलिमीटर आहे.

आता एक जोडी सांगते, ओळखणाऱ्याची खरी परीक्षा घेणारी. १९६३ साली ऑलिंपसने पेन एफ नावाचा फिल्म कॅमेरा आणला. माइतानी योशिहिसा यांनी तो घडवला. आहे एसएलआर, पण डोक्यावर उंचवटा नाही, माथा सपाट! कारण आतला आरसा वर न उचलता बाजूला सरकतो आणि प्रकाश आडव्या वाटेने डाव्या कोपऱ्यातल्या व्ह्यूफाइंडरकडे जातो. एक फ्रेम १८ बाय २४ मिलिमीटरची, म्हणजे नेहमीच्या निम्मी. ३६ फोटोंच्या रोलवर ७२ फोटो निघायचे.

मग २०१६ साली त्याच कंपनीने त्याच नावाचा पेन-एफ आणला. हा डिजिटल, मिररलेस. त्याचाही माथा सपाट, लेन्सशेजारी पुढच्या बाजूला तशीच गोल चकती आणि वर डाव्या बाजूला फिल्म गुंडाळायच्या खुंटीसारखी दिसणारी गोल कळ. ती फिरवली की कॅमेरा चालू होतो! कहर म्हणजे मागचा स्क्रीन उलटा करून मिटला की पाठीवरही चामड्यासारखं आवरण दिसतं. अशा फोटोवरून भलेभले त्याला जुना फिल्म कॅमेरा म्हणतील.

मग ओळखायचं कसं? चकती वाचा. जुन्यावर शटरचा वेग लिहिलेला असतो, ५०० पर्यंतचे आकडे. नव्यावर मोनो, कलर, आर्ट अशी अक्षरं. माथ्यावर उजवीकडे बघा. जुन्याला फिल्म पुढे सरकवायचा खटका आहे, नव्याला नाही. आणि पाठ बघा, पुन्हा सांगते, पाठ बघा. स्क्रीन मिटलेला असला तरी त्याच्या उजवीकडे बटणांची रांग लपत नाही. फिल्म कॅमेऱ्याची पाठ म्हणजे नुसतं बिजागरीचं दार.

खटका नाही म्हणजे डिजिटलच, असंही समजू नका. नव्वदच्या दशकातले बरेच फिल्म कॅमेरे मोटरवर रोल ओढायचे. त्यांना खटका नाही, वर छोटा डिस्प्लेही असतो. पण पुष्कळांच्या पाठीच्या दारात रोल दिसावा म्हणून एक बारीक पारदर्शक खिडकी असते. पाठ बघितली की ती दिसते.

जाता जाता, माळ्यावरून काढलेला कॅमेरा परत चामड्याच्या केसमध्ये घालून ठेवू नका हो. आपल्याकडच्या पावसाळ्यात ते चामडं दमट होतं आणि लेन्सच्या आत बुरशीची जाळी धरते. कोरड्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा. केस वेगळी ठेवा, फार तर आठवण म्हणून.

तर कुणी समोरचा फोटो पाठवला, की लगेच आणखी तीन मागा: पाठीचा, माथ्याचा आणि तळाचा. तळाशी बॅटरीचं चौकोनी दार दिसलं तर ते बहुधा डिजिटलचं. नाण्याएवढं गोल झाकण किंवा रोल मागे गुंडाळताना दाबायचं बारीक बटण असलं तर फिल्मचा कॅमेरा. १९६३च्या पेन एफला तर बॅटरीच नाही, त्यामुळे त्याच्या तळाशी बॅटरीचं दार सापडणार नाही.