भिंतीमागचं पाणी

(इंदुरातल्या मराठी अभियंत्यांपुढे झालेल्या व्याख्यानाचा संपादित अंश)

नाल्याकाठच्या कॉलनीसाठी ४ मीटर उंचीची कँटिलिव्हर रिटेनिंग वॉल बांधायची आहे, असं धरा. आराखड्याआधी डिझाइन बेसिस मेमोरँडम लिहायचा. त्यात पहिला प्रश्न मातीचा: भिंतीमागे काय भरणार? आपल्या माळव्यात खोदकामातून निघते ती काळी माती, आणि ठेकेदाराला तीच परत लोटायची घाई असते. ती भिजली की फुगते, भिंतीला ढकलते आणि पाणीही सोडत नाही. म्हणून मी स्पष्ट लिहितो: भराव मुरमाचाच, घर्षणकोन ३० अंश, वजन घनमीटरला १.८ टन.

या कोनाला मातीच्या उभ्या दाबाचा एक तृतीयांश आडवा येतो. भिंतीच्या दर मीटर लांबीला मातीचा रेटा ४.८ टन. वर गाड्या उभ्या राहणार, त्याचा सरचार्ज चौरस मीटरला १ टन. त्याचे आणखी १.३ टन. एकूण ६.१. गाड्यांचं वजन मात्र भिंतीला धरून ठेवणाऱ्या बाजूला मोजू नका; गाडी आज आहे, उद्या नाही.

पाया ३.१ मीटर रुंद घेतला, तर काँक्रीट आणि टाचेवरची माती मिळून १९.४ टन होतात. आयएस ४५६ प्रमाणे त्यातले नऊ दशांशच धरायचे. तळाचं घर्षण ०.५ घेतलं, की रोध ८.७ टन. सरकण्याविरुद्धचा गुणांक १.४२. संहिता १.४ मागते. पास!

आता तीच भिंत, फक्त मागे पाणी वरपर्यंत तुंबलंय. पाण्याचाच रेटा ८ टन. बुडालेल्या मातीचा घटून २.७, सरचार्ज तेवढाच. बेरीज १२ टन. शिवाय टाचेखालून पाणी पाया उचलतं, त्यामुळे रोध ६.३ वर येतो. गुणांक ०.५३. म्हणजे भिंत सरकणारच. सळई कितीही वाढवा, हा आकडा सुधारत नाही.

म्हणून मेमोरँडममध्ये ‘वीप होल द्यावेत’ एवढं एकच वाक्य दिसलं, की मला राग येतो. मी पाहिलेल्या एका भिंतीत वीप होलचे पाइप अगदी नीट बसवलेले होते, पण मागे गाळणीच नव्हती. दोन पावसाळ्यांत बारीक मातीनं ते गच्च भरले. भिंतीमागे निदान ३०० मिलिमीटर जाडीचा खडीचा थर हवा, खडी आणि मुरूम यांच्यामध्ये जिओटेक्स्टाइल हवं. ७५ ते १०० मिलिमीटरचे पाइप एकमेकांपासून दीड मीटरच्या आत, बाहेरच्या बाजूला किंचित उतार देऊन बसवा. सर्वांत खालची ओळ समोरच्या जमिनीच्या जरा वर. वरून फरसबंदी, म्हणजे छताचं पाणी भरावात मुरणार नाही.

आणि देखभालीची ओळ त्याच कागदावर लिहा. चांगल्या झडीनंतर जाऊन भिंत बघायची. पाइप कोरडे, पण सांध्यांतून ओल झिरपतेय, पांढरा क्षार उमटलाय, तर पाणी मागे अडकलंय. त्याच दिवशी वर गाड्या लावणं बंद करायचं आणि पाइप मोकळे करायला घ्यायचे.