आधी फट बघा, मग दुकानात जा

मंडळी, पुढं या की, पुढच्या खुर्च्या रिकाम्या आहेत. दातांचा डॉक्टर बोलणार म्हणलं की लोक दाराजवळ बसतेत, मला आता सवय झाली. इथं इंजेक्शन नाही, माईकच आहे फक्त.

पत्रिकेत विषय छापलाय "फ्लॉस, पाण्याची मशीन आणि छोटा ब्रश: तारा लावलेल्यांनी आणि एकमेकाला चिकटलेल्या दातवाल्यांनी काय वापरावं". फ्लॉस म्हणजे दोन दातांच्या मधून फिरवायचा बारीक दोरा. चाळीस मिनिटं म्हणले होते, त्यातली हारतुऱ्यात किती गेली ते तुम्ही बघितलंच. समोर पालक जास्त दिसायलेत, आणि लातूर म्हणल्यावर अर्ध्यांची पोरं क्लासला असणार, त्यातल्या बऱ्याच जणांच्या दाताला तारा असणार. दहावी झाली की पोरगं लातूरला आणायचं, होस्टेल, क्लास, आणि त्याच वर्षी तारा, सगळं एकदमच. बरं.

माझं म्हणणं एवढंच आहे की आपण आधी वस्तू विकत घेतो आणि मग ती तोंडात कुठं बसते का बघतो. उलटं करा. आधी दोन दातांमधली फट बघा, मग ठरवा काय घ्यायचं. आणि तारा लावलेल्या तोंडात ही फट एका जागी थांबत नाही, दात सरकायलेत ना, म्हणून फट पण दर महिन्याला बदलते. हे दुकानदार सांगत नाही. डॉक्टर पण सांगत नाहीत नेहमी, ओपीडीत गर्दी असते, वायर बदलली की पुढचा पेशंट.

आता एका पोरीची गोष्ट सांगतो, नाव नाही सांगत. अकरावीला होती, गावाकडची, इथं होस्टेलला. वरचे दोन आणि खालचे दोन असे चार दात काढून तारा बसवलेल्या, म्हणजे सुळ्याच्या मागची पहिली उपदाढ काढायची आणि त्या जागेत पुढचे दात मागं घ्यायचे, दात फार पुढं असले की असं करावं लागतं. तीन महिन्यांनी आली ती हिरड्या सुजवून. दोन दातांच्या मधली हिरडी फुगून ब्रॅकेटला, म्हणजे वायर धरायला दातावर चिकटवलेल्या तुकड्याला, टेकलेली, बोट लावलं की रक्त. सोबत बाप. मी काही बोलायच्या आत बापानं पिशवीतून डबा काढला आणि टेबलावर ठेवला. पाण्याची मशीन. वॉटर फ्लॉसर. "साहेब, सगळ्यात महागाची घेतली, तरी असं कसं?"

आता त्या बापाला काय म्हणायचं सांगा. कांद्याची पट्टी आली तशी थेट मशीनच्या दुकानात गेलेला माणूस. पोरीला विचारलं, वापरतीस का, तर म्हणे रोज वापरते. खरंच वापरत होती, खोटं नव्हती बोलत. फक्त दोन गोष्टी झाल्या होत्या.

एक म्हणजे आपलं पाणी. होस्टेलच्या बोअरचं पाणी, बादलीला पांढरा थर धरतो ते. तेच मशीनच्या टाकीत. मशीनच्या तोंडाचं छिद्र असतं बारीक, त्यात क्षार बसले आणि धार गेली तिरपी, फुसफुस करत. मशीनमध्ये आरओचं पाणी घाला, वापरून झालं की टाकी मोकळी करून कोरडी ठेवा, आणि क्षार बसलेच तर पांढरं व्हिनेगर पाण्यात मिसळून एकदा फिरवा आणि नंतर साध्या पाण्यानं धुवा. घरच्या मोठ्या मशीनची टाकी साधारण अर्धा ते पाऊण लिटरची असते आणि ती दीड-दोन मिनिटात संपते. ज्या गावात 2016 ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं त्या गावात मी लोकांना सांगायलोय की रोज रात्री अर्धा लिटर पाणी दातावर मारा. हसा, हसा, पण सांगताना माझी पण जीभ अडखळते. हातात धरायची छोटी मशीन येते, तिला पाणी कमी लागतं, पण मध्येच परत भरावी लागते.

दुसरी गोष्ट महत्त्वाची. मी तिला माझ्यासमोर मशीन चालवायला लावली, चांगलं पाणी घालून, बेसिनवर वाकून, व्यवस्थित. मग दाताला रंगाचं औषध लावलं. हे औषध बऱ्याच दंतवैद्यांकडं असतं, गोळी किंवा थेंब, दातावर जिथं जंतूंचा चिकट थर असतो तिथं गुलाबी रंग धरतं, स्वच्छ जागी धरत नाही. आरसा दिला हातात. ब्रॅकेटच्या कडेला गुलाबी, वायरच्या खाली गुलाबी, दोन दातांच्या मधल्या भिंतीवर तर गडद गुलाबी. बाप बघतोय मशीनकडं.

ओढ्यातला दगड बघा, वरून बारा महिने पाणी वाहतं तरी शेवाळ जात नाही, बोटानं घासलं की निघतं. तसंच आहे हे. पाण्याची धार अडकलेलं अन्न काढते, सैल घाण काढते, हिरडीची सूज आणि रक्त पण कमी करते, हे मी नाकारत नाही. पण जुना चिकट थर घासल्याशिवाय पुरता निघत नाही. मशीनच्या बाजूचे बरेच अभ्यास मशीन बनवणाऱ्या कंपन्यांच्या पैशातून झालेत हे पण लक्षात ठेवा. कोक्रेन नावाची संस्था सगळे अभ्यास एकत्र करून तपासते, त्यांचा 2019 चा आढावा असं म्हणतो की नुसत्या ब्रशपेक्षा ब्रश अधिक फ्लॉस किंवा ब्रश अधिक छोटा ब्रश हे हिरडीला जास्त चांगलं असू शकतं, छोटा ब्रश फ्लॉसपेक्षा थोडा सरस असू शकतो, आणि पाण्याच्या मशीनचे निकाल एकसारखे नाहीत. आणि हे सगळं म्हणताना ते हे पण म्हणतात की पुरावा कच्चा आहे. तेव्हा कुणी छातीठोक काही सांगायला लागलं, माझ्यासकट, तर जरा दमानं घ्या.

मग मी ड्रॉवरमधून छोटा ब्रश काढला. इंटरडेंटल ब्रश. बाटली धुवायचा ब्रश असतो त्याच आकाराचा, पण एवढासा, मधी बारीक तार आणि भोवती केस. बाप म्हणला, "एवढंसंच?" हो, एवढंसंच. तिच्याच हातानं करायला लावलं. आधी ब्रश उभा धरायचा, ब्रॅकेटच्या शेजारून वायर आणि दाताच्या मधून वरून खाली घालायचा, चार-पाच वेळा वर-खाली, मग तसाच खालून वर. मग पुढचा ब्रॅकेट. पेस्ट लागत नाही, मधी मधी पाण्यात बुडवायचा बस. परत रंग लावला तर वायरखालचा गुलाबी गेलेला. दातांच्या मधला मात्र होता तसाच होता. आणि इथंच फटीचा प्रश्न येतो.

(चिठ्ठी आली वाटतं... दहा मिनिटं? अहो अजून मुद्द्यावर येयलोय मी.)

बरं, भराभरा. तिच्या पुढच्या खालच्या दातांत फटच नव्हती, गर्दी, दात एकमेकाला चिकटून. सगळ्यात बारीक ब्रश साधारण 0.6 मिलिमीटरच्या भोकातून जाणारा येतो, तो पण जाईना. आता इथं लोक जोर लावतात. नाही लावायचा. ब्रश हलका घासत जावा, केस दोन्ही भिंतींना टेकावेत, पण मधली तार दाताला खरवडायला नको. तार वाकायला लागली किंवा पोरगं आई गं म्हणलं तर ब्रश मोठा आहे. सैल फिरत असला तर लहान आहे. आणि ब्रशच्या रंगावर जाऊ नका, एका कंपनीचा गुलाबी म्हणजे दुसरीचा गुलाबी नव्हे, पाकिटावरचा आकडा बघा.

ब्रश जात नाही तिथं फ्लॉस, दुसरा उपाय नाही. पण वायर आडवी आली की फ्लॉस वरून जात नाही. त्यासाठी थ्रेडर असतो, प्लॅस्टिकची मऊ सुई, मोठ्या नाकाची. हातभर, म्हणजे पंचेचाळीस सेंटीमीटरच्या आसपास, फ्लॉस घ्यायचा, सुईत ओवायचा, सुई वायरच्या खालून हिरडीकडून काढायची. मग दोऱ्याची दोन टोकं दोन हातांच्या मधल्या बोटांना गुंडाळायची आणि मागं-पुढं हलवत हळू खाली उतरवायचं. खटकन दाबायचं नाही, हिरडी कापते. खाली गेला की एका दाताला अर्धवट वळसा द्यायचा, हिरडीच्या किंचित आत जाऊन चार-पाच वेळा वर-खाली, मग त्याच फटीत दुसऱ्या दाताला तसंच. दुसऱ्या दाताला विसरतेत सगळे. तारा नसलेल्या चिकट दातवाल्यांनी पण हेच करायचं, फक्त थ्रेडर नको, आणि मेणाचा किंवा चपटा सरकणारा फ्लॉस घ्या. एकाच जागी दरवेळी फ्लॉसचे धागे निघायला लागले तर फ्लॉसला शिव्या देऊ नका, तिथं कीड, कीट म्हणजे दातावर दगडासारखा घट्ट झालेला थर, किंवा खडबडीत भरलेली फिलिंग असू शकते, दाखवून घ्या.

त्या पोरीचं पुढं काय झालं ते दोन मिनिटात. दात सरकायला लागले. काढलेल्या दाताची जागा सुरुवातीला सात मिलिमीटरच्या जवळपास असते आणि महिन्याला साधारण एक मिलिमीटर भरते. त्या मोठ्या जागेला साधा ब्रशच तिरपा करून पुरला. पुढच्या दातांची गर्दी सुटली, तिथं फटी झाल्या, मग जिथं फ्लॉस चालू होता तिथं छोटा ब्रश जायला लागला, पुढं त्याच्यावरचा नंबर. मग सगळं मिटत आलं तशी परत फट बारीक, परत फ्लॉस. दरवेळी वायर बदलायला आली की आधी फट बघायची आणि आकडा वहीत लिहायचा, एवढंच केलं. मशीन पण फेकली नाही, हुरड्याच्या दिवसात ज्वारीचं कूस वायरखाली जातं ना, ते काढायला मशीनसारखं काही नाही. बापाचे पैसे अगदीच वाया नाही गेले. रक्त पहिले आठ-दहा दिवस येतच होतं आणि होस्टेलच्या मैत्रिणी म्हणायच्या थांबव, तिनं थांबवलं नाही, मग कमी झालं. दोन आठवडे रोज करून पण येतच राहिलं तर मात्र दाखवायचं, तिथं खाली कीट असू शकतं.

हो हो, संपवतो. एक राहिलं. दाढेला रिंग बसवायच्या आधी मधी छोटे रबर घालतात जागा करायला, तिथं फ्लॉस घालू नका, रबर निघून येतं. आणि तारा काढल्यावर आतून जी बारीक वायर चिकटवतात तिच्या खाली थ्रेडर लागतोच, तेव्हा थ्रेडरचं पाकीट टाकून देऊ नका. प्रश्न चहाच्या वेळी विचारा, आणि कृपया तोंड उघडून दाखवू नका, टॉर्च नाही आणली मी.